बचत गटाची ऑनलाइन ऑर्डर: या चुका टाळा

बचत गटात भांडण होतं ते पैसे हातात आल्यावर. सुरुवात मात्र बहुतेक वेळा फोटोपासून झालेली असते. गटातल्या सगळ्यात सफाईदार हाताने शिवलेली पिशवी फोटोत जाते आणि ऑर्डर पाच जणी मिळून शिवतात. गिऱ्हाईक फोटो समोर धरून तक्रार करतं आणि कमी सरावाच्या बाईला उगाच ऐकून घ्यावं लागतं. म्हणून फोटो अशा पिशवीचा टाका, जशी पाचही जणींना जमते. तीच पिशवी ‘नमुना’ अशी चिठ्ठी लावून गटाकडे ठेवा, विकू नका. फोटो दिवसा, खिडकीजवळ काढा, कारण पिवळ्या बल्बखाली पांढरं कापडही पिवळट दिसतं आणि रंगावरून माल परत येतो. टेपने मोजून लांबी, रुंदी लिहा. ‘मध्यम साइज’ म्हणजे प्रत्येकीच्या मनात वेगळी पिशवी.

दुसरी चूक समान वाटपाची. साठ पिशव्या, पाच जणी, प्रत्येकी बारा, ऐकायला छान. पण एकीकडे मोटरची मशीन, दुसरीकडे पायाची, तिसरीच्या घरी आजारपण. ‘गुरुवारपर्यंत तुझ्याकडून किती होतील?’ असं प्रत्येकीला विचारून आकडा तिच्यासमोरच वहीत लिहा. प्रत्येकीच्या पहिल्या दोन पिशव्या नमुन्याशी ताडून बघा, मगच पुढच्या शिवू द्या. बारा शिवून झाल्यावर बंद आखूड निघाले तर उसवायला अख्खा दिवस जातो.

पैशांचा हिशेब ऑर्डर घेण्याआधीच मांडा. समजा, पिशवी १५० रुपयांना, म्हणजे एकूण ९,००० रुपये. त्यातून कापड २,४००, पार्सल ६००, पॅकिंग ३०० आणि गटाचा निधी ३०० वजा केले की ५,४०० उरतात. पिशवीमागे ९० रुपये. हे ९० सगळे शिवणारीला दिले की कापड बेतणारी रुसते, आणि तिचं बरोबरच असतं. कटिंगला १५, शिलाईला ६०, धागे तोडून बटण लावायला १०, फोन आणि पॅकिंग सांभाळणारीला ५ असं ठरवलं, तर जिने जेवढं केलं तेवढं तिला मिळतं. फोनवर बोलणं हेही काम आहे, हे बहुतेक गट विसरतात.

पिशवी नापास झाली तर चूक कुठे झाली ते आधी बघा. कापडच तिरकं कापलं असेल तर शिवणारीची मजुरी कापू नका. शिलाई सुटली असेल तर तिने दुरुस्त करून द्यावी, मग पैसे. यासाठी कापलेल्या गठ्ठ्यावर आणि शिवलेल्या पिशवीत नावाची छोटी चिठ्ठी टाचायची. पॅकिंग करताना ती काढली की झालं.

ऑर्डरला ‘हो’ मात्र एकीनेच म्हणावं. दोन फोनवरून दोघींनी होकार दिला की एकाच आठवड्यात शंभर पिशव्या येऊन पडतात. आणि पैसे एखादीच्या यूपीआयवर आले, तर त्याच दिवशी गटाच्या खात्यात भरून वहीत नोंद करा.