शिंगं दिसत नाहीत तेव्हा: भेकर, चौसिंगा, पिसोरी आणि सांबराचं पिल्लू फोटोवरून ओळखताना

कोयना, चांदोली किंवा सागरेश्वरच्या कॅमेरा ट्रॅपचे फोटो पहिल्यांदा हातात आले की नवखा माणूस आधी शिंगं शोधतो. शिंगं दिसली तर काम खरंच सोपं होतं. पण सांबर, चितळ, भेकर यांच्यात शिंगं फक्त नराला येतात, आणि तीही बहुधा दर वर्षी गळतात. माद्या, पिल्लं, शिंगं गळलेले नर आणि झुडपाआड गेलेली डोकी धरली तर फोटोंच्या ढिगात शिंगाविनाच जनावर जास्त भेटतं. म्हणून शिंगांचं थोडक्यात आटपून उरलेली जागा त्या बिनशिंगी, मध्यम चणीच्या, तपकिरी जनावरांना देऊ. सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

सांबर, चितळ आणि भेकर ही सारंग हरणं. यांचं शिंग भरीव हाडाचं असतं, त्याला फाटे फुटतात, आणि ते गळून पुन्हा नवं उगवतं. काळवीट, चिंकारा आणि चौसिंगा हे कुरंग. यांच्या शिंगात हाडाचा गाभा आणि वर नखासारखं आवरण असतं. त्याला फाटा कधीच फुटत नाही आणि ते गळतही नाही. तेव्हा फाटा दिसला की सारंग, आणि वेढे किंवा पीळ दिसला की कुरंग. शिंग जाडसर, टोकाला बोथट आणि मखमली दिसत असेल तर तेही सारंगच, कारण नव्या वाढणाऱ्या शिंगावर केसाळ कातडी असते. सांबराची शिंगं साधारण मार्च-एप्रिलमध्ये गळतात, म्हणून पावसाळ्यातल्या फोटोंत मखमली शिंगाचा सांबर हमखास दिसतो.

या नियमाला एक फसवी जागा आहे. भेकराच्या शिंगाला बुंध्याजवळ एक छोटा फाटा असतो. चौसिंग्याच्या नराला मागे दोन आणि पुढे दोन अशी चार शिंगं असतात. बाजूने काढलेल्या फोटोत चौसिंग्याचं पुढचं शिंग म्हणजे भेकराचा फाटाच वाटतो. अशा वेळी शिंग कुठून निघतंय ते बघायचं. भेकराचं शिंग केसाळ कातडीने मढलेल्या लांब हाडाच्या खुंटावर बसलेलं असतं. तो खुंट कपाळावरून मागे तिरका जातो, आणि फाटा त्या खुंटाच्या वरच्या टोकाला असतो. चौसिंग्याची मागची शिंगं थेट डोक्यातून सरळ वर येतात. पुढची जोडी डोळ्यांच्या मध्ये स्वतंत्र उगवते आणि दोन्हींमध्ये कपाळाची जागा मोकळी दिसते. पुढची शिंगं काही नरांत नुसत्या गाठीएवढीच असतात, तर काहींत नसतातच. म्हणून ‘दोनच शिंगं आहेत, म्हणजे चौसिंगा नाही’ हा निष्कर्ष चुकीचा ठरू शकतो.

आता शिंगाविना. पहिला प्रश्न उंचीचा, आणि त्यासाठी एक साधी युक्ती आहे. ट्रॅप साधारण 45 सेंटिमीटर उंचीवर बांधलेला असतो. कॅमेरा सपाटीला धरलेला असेल आणि जमीनही सपाट असेल, तर फोटोच्या बरोबर मधून जाणारी आडवी रेघ प्रत्येक अंतरावर जमिनीपासून 45 सेंटिमीटरवरच असते. जनावर जवळ असो वा लांब, त्याने फरक पडत नाही. मग हिशेब सरळ होतो. पिसोरी म्हणजे इवलंसं मूषक हरीण, तिची खांद्याशी उंची 25 ते 30 सेंटिमीटर, त्यामुळे ती अख्खी रेघेखाली राहते. भेकर आणि चौसिंगा साधारण 50 ते 65 सेंटिमीटरचे, म्हणून रेघ त्यांच्या धडातून जाते. मोठ्या सांबराचं पोटच रेघेच्या वर असतं, रेघ फक्त पाय कापते.

सह्याद्रीत जमीन सपाट कुठे मिळायला? उतारावर ही रेघ खोटं बोलते. कॅमेऱ्यापुढे जमीन खाली उतरत असेल तर जनावर बुटकं भासतं, चढत असेल तर उंच. त्यावर उपाय म्हणजे कार्ड बदलायला जाल तेव्हा दर 10 सेंटिमीटरला रंगाचा पट्टा मारलेली काठी सोबत न्यायची, वाटेवर दोन-तीन ठिकाणी ती उभी धरायची आणि ट्रॅपलाच तिचा फोटो काढू द्यायचा. पुढे जनावर ज्या दगडाशी किंवा बुंध्याशी उभं दिसेल, त्याच जागेच्या काठीच्या फोटोशी त्याची उंची ताडून बघायची. कॅमेरा हलवला, पुन्हा बांधला किंवा गव्याने अंग घासून तिरका केला, तर जुने काठीचे फोटो बाद.

उंचीने पिसोरी बहुतेक वेळा लगेच वेगळी निघते. राहतं ते चितळाच्या पाडसाशी होणारं गोंधळाचं नातं, कारण ठिपके दोघांनाही असतात. सागरेश्वरातून चांदोलीत चितळ नेऊन सोडले गेले आहेत, त्यामुळे चांदोलीच्या फोटोत चितळ अशक्य असं मानून चालणार नाही. पाडसाचे पाय लांब आणि कान मोठे असतात, उंचीतला निम्म्याहून जास्त भाग पायांचा. पिसोरीचं अंग गोल, पाठ कमानदार, कान छोटे आणि पाय पेन्सिलीसारखे बारीक व आखूड. तिच्या अंगावर ठिपके आणि तुटक पट्टे आडव्या ओळींत असतात, गळ्यावर पांढरे पट्टे असतात. आणि पाडसामागोमाग पुढच्या फोटोत बहुधा आई येते. पिसोरी मात्र एकटीच फिरते.

रात्रीच्या काळ्या-पांढऱ्या फोटोत ठिपक्यांवर फार भिस्त ठेवू नका. इन्फ्रारेडचा झोत जवळच्या अंगावर पडला की कातडी पांढुरकी होऊन ठिपके धुऊन निघतात. उलट, भिजलेल्या अंगावर पाण्याचे थेंब चमकले की ठिपके नसताना असल्याचा भास होतो. चितळाबाबत शंका आली तर बरगडीऐवजी गळा बघा. गळ्याचा पांढरा भाग बहुतेक वेळा टिकून राहतो, आणि पाठीच्या कण्यावरची गडद पट्टीही दिसते.

सांबराचं पिल्लू हेही भेकर म्हणून नोंदलं जातं. त्याच्या अंगावर ठिपके जवळपास नसतात आणि काही आठवडे त्याची उंची भेकराएवढीच असते. त्याचे कान मात्र डोक्याच्या मानाने भलेमोठे आणि गोलसर, पाय काठ्यांसारखे लांब आणि धड आखूड. भेकर लहान असलं तरी प्रौढ जनावराची ठेवण दाखवतं, म्हणजे छाती खोल आणि मान जाड. गव्याचं वासरूही एकटं दिसलं तर फसवतं, कारण ते फिकट सोनेरी रंगाचं जन्मतं आणि पायातले पांढरे मोजे नंतर येतात. (वर्तमानपत्रं त्याच्या बापाला ‘गवारेडा’ म्हणतात ते सोडून द्या, गवा रेडा नव्हे.)

आता मुख्य जोडी, भेकर आणि चौसिंगा. भेकराचा मागचा भाग खांद्यापेक्षा उंच असतो, चालताना डोकं खाली झुकलेलं असतं, त्यामुळे बाजूने पाठ पुढे उतरती दिसते. चेहऱ्यावर कपाळापासून खाली येणाऱ्या दोन गडद रेघा असतात, आणि मादीलाही खुंटाच्या जागी केसांचे झुबके असतात. शेपूट वर केली की खालचा पांढरा रंग झळकतो. चौसिंग्याची पाठ जास्त समतल, पाय सडपातळ, शेपूट छोटी, आणि पायांच्या पुढच्या बाजूने खाली जाणारा गडद पट्टा, पुढच्या पायांवर जास्त ठळक. पण भेकराचे पायही काळपट असतात. म्हणून पाय गडद आहे एवढ्यावर थांबायचं नाही. एकाच पायाची पुढची कड गडद आणि मागची किंवा आतली बाजू फिकट दिसली तरच तो पट्टा.

एक नमुना धरून हे लावून बघू. रात्री 2 वाजून 14 मिनिटांनी तीन फोटो ओळीने आले आहेत, जागा चांदोलीच्या बाजूच्या पायवाटेची, जमीन डावीकडे चढती. पहिल्या फोटोत फक्त मागचं अंग. दुसऱ्यात पूर्ण बाजू, पण डोक्याचा वरचा भाग कारवीच्या पानांआड. तिसऱ्यात जनावर वळलेलं, शेपूट कॅमेऱ्याकडे. पहिला अंदाज सगळ्यांचा ‘भेकर’ येतो, कारण या भागात तेच जास्त दिसतं. काठीच्या फोटोशी ताडल्यावर खांदा साधारण 60 सेंटिमीटरवर येतो. पिसोरी आणि मोठा सांबर गेले. धड भरलेलं आणि पायांशी प्रमाणात आहे, म्हणून सांबराचं पिल्लूही गेलं. आता पाठ. ती मागून पुढे चढती दिसते, म्हणजे भेकराच्या उलट. पण थांबा, जनावराचे पुढचे पाय चढावर आहेत, त्यामुळे पाठीची रेघ इथे पुरावा म्हणून घ्यायचीच नाही. दुसऱ्या फोटोत पुढच्या उजव्या पायाची पुढची कड काळी आणि मागची बाजू स्पष्ट फिकट दिसते. तिसऱ्यात शेपूट बारीक आणि आखूड आहे, पांढरा झुपका दिसत नाही. पण शेपूट खाली पडलेली असल्याने पांढरं न दिसणं हे कमी वजनाचं.

कपाळ झाकलेलं आहे, म्हणून झुबके, रेघा, शिंगं यांतलं काहीच सांगता येत नाही. तेव्हा नोंद अशी: प्राणी चौसिंगा, खात्री मध्यम, नर-मादी अनिश्चित, आधार पायाचा पट्टा आणि शेपूट. इथे ‘मादी’ लिहिणं ही नेहमीची चूक. शिंग नसणं आणि शिंगाची जागा न दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जागेवरून निर्णय फिरवण्याचा मोहही टाळावा. चौसिंगा मोकळ्या, पानगळीच्या जंगलात जास्त आढळतो हे खरं. दाट सदाहरित भागात फोटो आला तर पुन्हा एकदा नीट बघायला ते कारण पुरे, पण पायावरचा पट्टा त्याने पुसला जात नाही. उलट, पट्टा अस्पष्ट असता तर ‘भेकर किंवा चौसिंगा’ एवढंच लिहून फोटो दुसऱ्या जाणकाराकडे द्यायचा, आणि आपलं मत आधी सांगायचं नाही. सांगितलं की त्यालाही तेच दिसू लागतं.

माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या पट्ट्यातले फोटो वेगळे, बहुतेक दिवसाचे आणि लांबून मोबाइलवर काढलेले. तिथे चिंकारा आणि काळविटाची मादी यांत गफलत होते. चिंकाऱ्यात नर-मादी दोघांनाही शिंगं असतात, मादीची बारीक आणि गुळगुळीत. काळविटाच्या मादीला बहुधा नसतात. शिंग स्पष्ट नसेल तर चेहरा बघा. डोळ्यापासून नाकपुडीकडे उतरणारी गडद रेघ आणि काळी शेपूट असेल तर चिंकारा. डोळ्याभोवती पांढरं कडं आणि कुशीवर फिकट पट्टा असेल तर काळविटाची मादी. फोटो फार लांबचा असेल तर तो मोठा करून ठिपक्या-ठिपक्यांत काही शोधू नका, कळप किती होता आणि सोबत काळा नर होता का हे फोटो काढणाऱ्याला विचारा.