बीपी तेवढाच, पण धोका किती? दहा वर्षांचा हिशोब तक्त्यावरून असा काढावा

खानापूरकडच्या एका सरकारी दवाखान्यात दोघांचा बीपी मोजला, असं धरून चालू. एक ५७ वर्षांचे मामा, रोज बिडी ओढणारे. दुसऱ्या ४३ वर्षांच्या ताई, तंबाखूशी संबंध नाही. दोघांचाही वरचा आकडा १५०च्या आसपास. तरीही दोघांना एकसारखी औषधं आणि एकसारख्या फेऱ्या नसतात, कारण डॉक्टर बीपीबरोबर पुढच्या दहा वर्षांत हार्ट अटॅक किंवा लकवा येण्याची शक्यताही बघतात. ती काढायला जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९चा रंगीत तक्ता आहे. जगाच्या वेगवेगळ्या भागांसाठी तो वेगवेगळा केलाय. आपण दक्षिण आशियाचाच घ्यायचा. फोनवरच्या कुठल्याही कॅल्क्युलेटरमध्ये माहिती भरत बसू नका. त्यातले बरेचसे अमेरिकेतल्या लोकांवर बेतलेले असतात.

आधी हा तक्ता कुणाला लागू नाही ते बघा. हार्ट अटॅक किंवा लकवा येऊन गेलेला माणूस, अँजिओप्लास्टी झालेला, किडनीचा जुना आजार असलेला, यांचा धोका जास्तच आहे हे ठरलेलं. त्यांनी टक्केवारी काढण्यात वेळ घालवू नये. तक्ता ४० ते ७४ वयासाठी आहे.

आता बीपी. खरी गफलत इथेच होते. मामा एस्टीतून उतरून चढण चढत आले, बाहेर चहा आणि बिडी झाली, आणि लगेच पट्टा बांधला, तर आकडा १६२ येतो. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, दंड छातीच्या पातळीला घेऊन बसवलं की तेच १५२, दुसऱ्यांदा १४८. तक्त्यात १४० ते १५९ ही एक ओळ आणि १६० ते १७९ ही वरची ओळ, म्हणजे घाईतल्या मोजणीने माणूस एक पायरी वर चढतो. मोजणीआधी अर्धा तास चहा आणि तंबाखू नको. एका दिवशी दोन वेळा आणि आणखी एखाद्या दिवशी पुन्हा मोजून सरासरी धरावी. मामांची आली १५०. खालचा आकडा या तक्त्यात लागतच नाही. उपचार ठरवताना मात्र तो बघतात.

मग बिडीचा प्रश्न. नर्सताई विचारतात, “मामा, बिडी ओढता काय?”

“सोडलोय की गणपतीत.”

गणपती होऊन चारच महिने झालेत. सोडून वर्ष झालं नसेल तर तक्त्यात माणूस ओढणाराच धरतात, तेव्हा मामांचं उत्तर ‘हो’. उलट जर्दा, गुटखा, मिश्री यांना या तक्त्यात रकानाच नाही. निपाणीच्या तंबाखूपट्ट्यातल्या माणसाच्या दृष्टीने ही मोठीच उणीव म्हणायची. चघळणारा माणूस ‘न ओढणारा’ म्हणून मोजला जातो आणि त्याचा आकडा दिसतो त्यापेक्षा खरा धोका जास्त असतो. म्हणून विचारलं नाही तरी हे डॉक्टरांना आपणहून सांगावं.

तक्त्याचे दोन प्रकार आहेत. रक्ततपासणी झाली नसेल तर वजन-उंचीवाला घ्यावा. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं. मामांचं ७२ भागिले १.६५ भागिले १.६५, म्हणजे सुमारे २६.४, तेव्हा रकाना २५ ते २९चा. पण शुगर असलेल्याने हा प्रकार वापरू नये, कारण त्यात शुगर मोजली जात नाही आणि धोका कमी दिसतो. कोलेस्टेरॉलवाल्या प्रकारात शुगर असलेल्यांचा भाग वेगळा आहे. मात्र आपल्याकडची लॅब कोलेस्टेरॉल मिलिग्रॅममध्ये देते आणि तक्ता मिलिमोलमध्ये असतो, म्हणून आकड्याला ३८.७ने भागावं. मामांचं २१२, म्हणजे ५.५.

आता चौकट शोधायची: पुरुष, ओढणारा, वय ५५ ते ५९, बीपी १४० ते १५९, आणि त्यातला आपला रकाना. मामा नारिंगी पट्ट्यात येतात. नारिंगी म्हणजे १० ते २० टक्क्यांच्या आत. हिरवा ५च्या खाली, पिवळा ५ ते १०, लाल २० ते ३०, गडद लाल त्यापुढे. ताई हिरव्यात. मामांसारखी शंभर माणसं घेतली, तर दहा वर्षांत दहा ते वीस जणांना अटॅक किंवा लकवा येईल, असा याचा अर्थ. त्यात मामा असतील की नाही, हे तक्ता सांगत नाही.

या टक्क्यांचा उपयोग असा. वरचा बीपी १०ने उतरला की असे झटके साधारण पाचव्या हिश्शाने कमी होतात, आणि हे प्रमाण कमी धोक्यात काय, जास्त धोक्यात काय, जवळपास तेच राहतं. शंभरातल्या पंधरांना झटका येणार असेल तर तिघे वाचतात. तिघांनाच येणार असेल तर एकही पुरता वाचत नाही. गोळी तीच, पण हाती येणारा फायदा वेगळा.

म्हणून मामांना लगेच औषध. बऱ्याचदा सुरुवातच दोन औषधांनी, जमल्यास एकाच गोळीत. बीपी ताब्यात येईपर्यंत महिन्याला फेरी. लक्ष्य निदान १४०/९०च्या खाली. धोका जास्त असेल तिथे वरचा आकडा १३०च्या खाली आणण्याकडे कल असतो. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळीसाठी संघटनेची रेघ २० टक्क्यांवर आहे, पण काही देशांचे नियम त्याआधीच सुरू करतात. नारिंगीतल्या माणसाने याबद्दल डॉक्टरांना सरळ विचारावं. आणि ‘न ओढणारा’ या बाजूची तीच चौकट मामांना बोट ठेवून दाखवावी. तिथला आकडा कमी आहे, आणि वर्षभर बिडीला हात लावला नाही तर ती चौकट त्यांची.

ताईंचा बीपीही पुन्हा पुन्हा १४०/९०च्या वर येत असेल तर औषध लागतंच; हिरवा रंग म्हणजे सुटका नव्हे. मात्र घाई नसते. बरेच डॉक्टर मीठ, लोणचं-पापड, वजन, चालणं यावर तीन महिने देऊन बघतात, आणि नंतर एका औषधाने सुरुवात करतात. १६०/१००च्या वर कायम असेल तर रंग कोणताही असो, थांबायचं नाही. रंगाचा खरा निर्णायक उपयोग १३० ते १३९वाल्यांना होतो. तिथे औषध सुरू करायचं की नाही हेच धोक्यावर ठरतं.

आधीपासून गोळी चालू असलेल्याने एक ध्यानात ठेवावं: गोळीने उतरलेला बीपी तक्त्यात घातला तर धोका खऱ्यापेक्षा कमी दिसतो. जुना केसपेपर असेल तर गोळीआधीचा आकडा त्यातून शोधावा. आणि रंग हिरवा आला म्हणून चालू गोळी आपल्या मनाने बंद करू नये.