पंपाचा स्टार्टर आणि दोन वेगळे प्रश्न : पेटंट एजंटच्या सराव तोंडी परीक्षेचा अनुभव

पेटंट एजंटच्या परीक्षेत शंभर-शंभर गुणांचे दोन लेखी पेपर असतात आणि त्यानंतर पन्नास गुणांची तोंडी परीक्षा असते. दोन्ही पेपरांत प्रत्येकी किमान ५० गुण मिळवावे लागतात आणि तिन्ही मिळून एकूण ६० टक्के झाल्याशिवाय उमेदवार उत्तीर्ण ठरत नाही. मी मूळची अंबाजोगाईची, शिक्षणाने इलेक्ट्रॉनिक्स अभियंता. लेखी पेपरांसाठी कायद्याची कलमे पाठ करणे मला जड गेले नाही, परंतु तोंडी परीक्षेआधी छत्रपती संभाजीनगरात आम्ही चौघांनी मिळून जी सराव परीक्षा ठेवली, तीत सॉफ्टवेअरवरील पेटंटचा विषय निघाला आणि माझी उत्तरे एकामागून एक कोसळली. ती नेमकी कोठे कोसळली, हे नव्याने तयारी करणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून येथे सविस्तर मांडते आहे.

सिडकोतील एका अभ्यासिकेत रविवारी सकाळी आम्ही बसलो होतो. परीक्षकांच्या बाजूला दोघे होते. एक कित्येक वर्षे पेटंटचे अर्ज लिहिणाऱ्या मॅडम आणि दुसरे विधी महाविद्यालयातून निवृत्त झालेले सर. मॅडमनी एक पान पुढे सरकवले आणि वाचायला पाच मिनिटे दिली. त्यावर लिहिलेला काल्पनिक शोध मराठवाड्यातील कोणालाही परका वाटणार नाही. गावातली थ्री-फेज वीज परत येते, तेव्हा ऑटो स्टार्टर लावलेले सगळे पंप एकाच क्षणी चालू होतात. पाच एचपीची मोटार चालू असताना साधारण सात-आठ अँपिअर घेते, पण सुरू होताना सुमारे सहापट प्रवाह ओढते. पंधरा पंप एकदम उठले की १०० केव्हीएच्या रोहित्राला ते पेलत नाही, व्होल्टेज कोसळते, मोटारी वेग घेत नाहीत आणि फ्यूज उडतो किंवा रोहित्र जळते. पानावरील शोधात स्टार्टरमधला मायक्रोकंट्रोलर लाइनचे व्होल्टेज सतत मोजतो. शेजारचा पंप सुरू झाल्याची चाहूल व्होल्टेजच्या घसरणीवरून घेतो, ते स्थिर होईपर्यंत आणि वर थोडा अनियमित वेळ थांबतो आणि मग आपला पंप चालू करतो. पंपांना एकमेकांशी जोडणारी तार किंवा सिम कार्ड लागत नाही. स्टार्टरचे यंत्र बाजारात मिळते तेच आहे, नवीन आहे ते फक्त आतील प्रोग्रामचे वागणे.

सरांनी पहिला प्रश्न विचारला, “याला भारतात पेटंट मिळेल का?” मी ताबडतोब म्हणाले, “नाही सर. पेटंट कायद्याच्या कलम ३(के) नुसार कॉम्प्युटर प्रोग्रामला पेटंट मिळत नाही.” सर म्हणाले, “बाई, कलम पूर्ण म्हणा.” कलमात गणिती पद्धत, व्यवसायाची पद्धत, ‘कॉम्प्युटर प्रोग्राम पर से’ आणि अल्गोरिदम या गोष्टी शोध मानल्या जात नाहीत, असे आहे. ‘पर से’ म्हणजे निव्वळ प्रोग्राम, तेवढाच. हे शब्द मी पाठ केले होते, पण बोलताना गाळले आणि गाळलेल्या शब्दांतच सगळे उत्तर होते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ साली फरीद अल्लानी प्रकरणात हेच स्पष्ट केले की बंदी निव्वळ प्रोग्रामवर आहे, प्रोग्रामवर आधारलेल्या प्रत्येक शोधावर नाही, आणि शोधातून तांत्रिक परिणाम किंवा तांत्रिक योगदान दिसत असेल तर त्याचा विचार झालाच पाहिजे.

चूक लक्षात आल्यावर मी सावरण्यासाठी म्हणाले की क्लेममध्ये, म्हणजे नेमक्या कशावर हक्क मागतो आहोत ते सांगणाऱ्या अर्जातील वाक्यात, ‘प्रोसेसर’ आणि ‘मेमरी’ हे शब्द घातले की तो निव्वळ प्रोग्राम राहणार नाही. हे उत्तर पहिल्यापेक्षा वाईट होते, आणि बहुतेक नवे उमेदवार येथेच घसरतात असे मॅडमनी सांगितले. पेटंट कार्यालय क्लेमचा वेश पाहत नाही, आशय पाहते. व्याज मोजणारा प्रोग्राम प्रोसेसरसह लिहिला तरी तो व्याज मोजणाराच राहतो. या बाबतीत थोडा इतिहास माहीत असावा, कारण परीक्षक तो विचारतात. संगणकाशी संबंधित शोधांविषयी पेटंट कार्यालयाने फेब्रुवारी २०१६ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत प्रोग्रामसोबत नवीन हार्डवेअर असण्याची अट होती. जून २०१७ च्या तत्त्वांतून ती अट गेली. म्हणून ‘स्टार्टर जुनाच आहे, तर पेटंट कसे?’ या प्रश्नाला उत्तर असे की हार्डवेअर जुने असणे एवढ्यानेच अर्ज पडत नाही. प्रोग्राममुळे यंत्राच्या बाहेर, तारेत आणि रोहित्रात, काय बदलते ते दाखवावे लागते. येथे पंप टप्प्याटप्प्याने उठतात आणि व्होल्टेजची घसरण आटोक्यात राहते. हा मोजता येणारा तांत्रिक परिणाम आहे. ‘थांबण्याचा वेळ मोजण्याची पद्धत’ असा क्लेम लिहिला असता तर तो अल्गोरिदम म्हणून अडला असता. ‘व्होल्टेज मोजणारा आणि त्यानुसार रिले बंद-चालू करणारा मोटार स्टार्टर’ असा लिहिला तर प्रश्न पुढे सरकतो.

पुढे सरकतो म्हणजे मिटतो असे नव्हे, आणि माझी खरी फजिती येथून सुरू झाली. मॅडमनी विचारले, “बरं, ३(के) ओलांडलं समजा. आता इन्व्हेंटिव्ह स्टेप दाखवा.” मी पुन्हा तांत्रिक परिणामच सांगू लागले. रोहित्र वाचते, मोटार जळत नाही, शेतकऱ्याचा खर्च वाचतो. मॅडमनी मला मध्येच थांबवले. तांत्रिक परिणाम हे ‘हा विषय पेटंटयोग्य आहे का’ याचे उत्तर आहे, तर इन्व्हेंटिव्ह स्टेपचा प्रश्न ‘हे त्या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज सुचले असते का’ असा आहे. हे दोन प्रश्न वेगळे आहेत. एकाचे उत्तर दुसऱ्याला दिले की परीक्षकाला कळते की उमेदवाराने कलमे वाचली आहेत, पण ती लावून पाहिलेली नाहीत.

खर्च वाचण्याचा मुद्दाही मी चुकीच्या जागी वापरला होता. कलम २(१)(जेए) मधील व्याख्येत तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व किंवा दोन्ही असे शब्द आहेत, त्यामुळे आर्थिक फायदा दाखवला की काम झाले असे वाटते. व्याख्या तेथे संपत नाही. त्या वैशिष्ट्यामुळे शोध जाणकार व्यक्तीला उघड नसलेला असला पाहिजे, ही अट ‘आणि’ या शब्दाने जोडलेली आहे. शेतकऱ्याचे लाख रुपये वाचले तरी गोष्ट उघड असेल तर इन्व्हेंटिव्ह स्टेप नाही.

यानंतर मॅडमनी दोन जुने दस्तऐवज टेबलावर ठेवले. पहिल्यात टायमर असलेला स्टार्टर होता, ज्यात शेतकरी बटण फिरवून वीज आल्यानंतर किती सेकंदांनी पंप उठावा ते ठरवतो. दुसऱ्यात संगणकांचे नेटवर्क होते, ज्यात प्रत्येक यंत्र आधी तार मोकळी आहे का ते ऐकते आणि दोन यंत्रे एकदम बोलली तर प्रत्येक जण अनियमित वेळ थांबून पुन्हा प्रयत्न करतो. आता दोन्ही जोडले की आपला शोध तयार होतो असे दिसते. मी घाबरून म्हणाले, “मग हे उघडच आहे.” माझी ही तिसरी चूक होती.

शोध समोर ठेवून मागे वळून पाहिले की प्रत्येक शोध दोन-तीन जुन्या कागदांतून जोडता येतो. म्हणूनच पायऱ्या ठरलेल्या आहेत आणि त्या क्रमाने बोलाव्या लागतात. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१५ साली रोश विरुद्ध सिप्ला या प्रकरणात त्या सांगितल्या. जाणकार व्यक्ती कोण ते ठरवा. शोधाचा गाभा ओळखा. प्राधान्य दिनांकाला, म्हणजे शोधाचा पहिला अर्ज दाखल झाला त्या दिवशी, त्या व्यक्तीला काय माहीत होते ते धरा. जुन्या दस्तऐवजांपासूनचे फरक काढा. शेवटी ते फरक त्या व्यक्तीला उघड होते का ते तपासा, आणि हे करताना शोध आधीच माहीत असल्याचा आधार घेऊ नका.

मॅडमनी मला याच क्रमाने पुन्हा बोलायला लावले. जाणकार व्यक्ती म्हणजे मोटार स्टार्टर बनवणारा अभियंता. तो हुशार आहे, पण कल्पक नाही. टायमरच्या स्टार्टरमधली अडचण त्याला दिसते. सगळ्यांनी तीस सेकंद लावले तर तीस सेकंदांनी सगळे एकदम उठतात. प्रत्येक स्टार्टरला वेगवेगळा, अनियमित वेळ द्यावा हे त्याला सुचेल का? येथे मी हो म्हटले आणि मॅडमनी मान डोलावली. गर्दी पांगवण्यासाठी वेळ विखुरणे ही सामान्य युक्ती आहे, तेवढ्यावर पेटंट टिकणार नाही. तोंडी परीक्षेत कोणता भाग दुबळा आहे ते आपणहून मान्य करावे. सगळेच नवीन आहे असे म्हणणाऱ्याच्या बाकीच्या उत्तरांवरही परीक्षकाचा विश्वास राहत नाही, असे माझे मत त्या दिवशी झाले.

मग उरते काय? पानावरचे वर्णन पुन्हा नीट वाचल्यावर ते मला सापडले. नेटवर्कमधील यंत्र तारेवर दुसऱ्याचा संदेश ऐकते आणि तो संदेश ऐकण्यासाठीच पाठवलेला असतो. विजेच्या लाइनवर कोणीच काही सांगत नाही. व्होल्टेज लांबच्या लाइनमुळे पडते, कोणी वेल्डिंग सुरू केले तरी पडते, फेज गेला तरी पडते. मोटार सुरू होतानाची घसरण मात्र वेगळी असते. ती झटक्यात येते आणि मोटार वेग घेते तसतसा प्रवाह कमी होऊन काही सेकंदांत सावरते. पानावरचा मायक्रोकंट्रोलर घसरणीचा हा आकार ओळखतो आणि इतर घसरणींकडे दुर्लक्ष करतो. ही गोष्ट पहिल्या दस्तऐवजात नाही, दुसऱ्यातही नाही, आणि नेटवर्कचा दस्तऐवज वाचून स्टार्टरचा अभियंता येथवर का आला असता याचे कारण दोन्हींत कोठेही सापडत नाही. इन्व्हेंटिव्ह स्टेप असेल तर या जागी आहे.

सरांनी लगेच पुढचा प्रश्न टाकला, “पण मूळ क्लेममध्ये तर फक्त ‘व्होल्टेजनुसार थांबणे’ लिहिलंय. आता काय कराल?” क्लेम अरुंद करून त्यात घसरणीचा आकार ओळखण्याचे वैशिष्ट्य घालता येते, परंतु ते अर्जासोबत दिलेल्या शोधाच्या मूळ तपशिलात लिहिलेले असेल तरच. कलम ५९ नुसार दुरुस्ती करताना आधी न सांगितलेली गोष्ट भरता येत नाही आणि दुरुस्त क्लेम मूळ क्लेमच्या कक्षेतच राहावा लागतो. अर्ज लिहिताना शोधकर्त्याला ‘व्होल्टेज नेमके कसे ओळखता?’ असे खोदून विचारले नसेल, तर त्या एका न विचारलेल्या प्रश्नापायी अर्ज पडू शकतो.

अर्ज तपासणाऱ्या पेटंट कार्यालयातील परीक्षकाच्या बाजूनेही एक बंधन आहे आणि ते सरांनी शेवटी सांगितले. ‘दोन्ही दस्तऐवज पाहता शोध उघड आहे’ एवढे एक वाक्य लिहून अर्ज फेटाळता येत नाही. अ‍ॅग्रीबोर्ड प्रकरणात २०२२ साली दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटले की जुने ज्ञान काय, शोध काय आणि पहिल्यावरून दुसरा जाणकाराला कसा उघड होतो, या तिन्ही गोष्टी आदेशात दिसल्या पाहिजेत. मग सरांनी खुर्ची बदलली, मला पेटंट कार्यालयातील परीक्षकाच्या जागी बसवले आणि हाच स्टार्टर फेटाळणारा आदेश तोंडी सांगायला लावला. टायमर आणि नेटवर्क मी भराभर सांगितले. तिसऱ्या गोष्टीवर आले, तेव्हा व्होल्टेजच्या घसरणीचा आकार अभियंत्याला का सुचला असता याचे कारण मला सांगता आले नाही, आणि सरांनी तेथेच वेळ संपल्याचे जाहीर केले.