आयईएलटीएसचं बजेट: दुसरा प्रयत्न आधीच धरा

परीक्षेची फी 100 भाग धरून हिशोब मांडा. पहिल्या प्रयत्नाचे 100 आणि पुन्हा बसावं लागलं तर आणखी 100, असे 200 आधी बाजूला काढा. शिकवणीचा विचार त्यानंतर. बहुतेकांचं उलटं होतं. आधी महागडा कोर्स लावतात आणि दुसऱ्या फीच्या वेळी हात आखडतो.

पुस्तकांवर फार खर्च नको. जुन्या प्रश्नपत्रिकांचे एक-दोन संच पुरतात, अधिकृत संकेतस्थळावर नमुना प्रश्न मोफत आहेत. शिकवणीला पैसे देण्याआधी वेळ लावून एक पूर्ण सराव परीक्षा द्या. समजा विद्यापीठाला एकूण 6.5 आणि प्रत्येक विभागात किमान 6 हवेत. तुम्हाला ऐकण्यात 7.5, वाचनात 7, बोलण्यात 6.5, लेखनात 5.5 मिळाले. सरासरी 6.625, म्हणजे एकूण 6.5 जमले, तरी लेखनामुळे अर्ज अडतो. इथे चारही विभागांचा कोर्स म्हणजे पैसे वाया. फक्त निबंध तपासून घेण्याचे पैसे द्या.

संगणकावरच्या परीक्षेनंतर काही केंद्रांवर एकच विभाग पुन्हा देता येतो, मूळ परीक्षेपासून 60 दिवसांच्या आत. मात्र हा निकाल सगळ्या संस्था स्वीकारत नाहीत. म्हणून परीक्षेची नोंदणी करण्याआधीच विद्यापीठाला ईमेल करून विचारा. नकार आला, तर पूर्ण फीचे दुसरे 100 तसेच राखून ठेवा.