लेखनिकाच्या चुकीवर कथा लिहिताय? या चुका टाळा

रात्रीची वेळ, समईचा उजेड, पोथी उतरवून काढणारा लेखनिक, हातून एक अक्षर चुकतं आणि दोनशे वर्षांनी पंडित डोकं धरून बसतात. या कल्पनेवर लिहिलेल्या कथा बडोद्याच्या कथावाचनांत वरचेवर ऐकायला मिळतात. त्यात नवल नाही. ज्या शहरात प्राच्यविद्या मंदिरासारखी संस्था आहे, जिथे वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध होऊन १९६० ते १९७५ या काळात छापली गेली, तिथे हा विषय सुचणारच. पण बहुतेक कथा एकाच ठिकाणी बसतात: लेखकाने वातावरण जीव ओतून लिहिलेलं असतं आणि चूक मात्र शोधलेलीच नसते.

चूक डुलकीवर ढकलू नका

वारा आला, ज्योत फडफडली, पेंग आली, शाईचा ठिपका पडला. अशा चुकीने कोणी पंडित कोड्यात पडत नाही. ठिपका ठिपकाच दिसतो, आणि निरर्थक अक्षर पुढचा वाचणारा मनातल्या मनात सुधारून घेतो. ओळ गळली तर तीही लपत नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातलं ‘ध्यायतो विषयान्पुंसः सङ्गस्तेषूपजायते’ घ्या. इथल्या ‘जायते’वरून नजर घसरून पुढच्या ‘क्रोधोऽभिजायते’वर गेली, तर मधला काम आणि क्रोधाचा अर्धा श्लोक गळतो. पण मग लगेच ‘क्रोधाद्भवति संमोहः’ येतं आणि हा क्रोध आला कुठून, हा प्रश्न पडतोच. शिवाय गीता लेखनिकाला पाठ असते, त्यामुळे नजर चुकली तरी हात चुकत नाही. म्हणून कथेसाठी कमी पाठांतराचा ग्रंथ घ्या, एखादं क्षेत्रमाहात्म्य चालेल.

पंडितांना खरोखर चकवते ती चूक अर्थ देते, वृत्तात बसते आणि तरीही मूळ नसते. अशी चूक आधी कागदावर जुळवून पाहा, कथा नंतर लिहा.

बडोद्यातच सापडणारी एक चूक

गुजरातेतल्या जुन्या पोथ्यांत, विशेषतः जैन लेखनिकांच्या हातच्या, पडिमात्रा असते. म्हणजे ‘ए’ची मात्रा अक्षराच्या डोक्यावर न देता अक्षराच्या आधी उभी रेघ काढून दाखवतात. ही रेघ पुष्कळ हस्ताक्षरांत हुबेहूब कान्यासारखी दिसते. वर शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नाही, सगळी अक्षरं एकाला एक लागून.

आता कथेतला लेखनिक देशावरून बडोद्याला आलेला आहे असं धरू. त्याची सवय डोक्यावरच्या मात्रेची. शके १७२५, म्हणजे इसवी सन १८०३ साली त्याच्यापुढे संवत १५६० ची, तीनशे वर्षं जुनी पोथी येते. तिच्यात ओळ आहे (ही मी उदाहरणासाठी रचली आहे): ‘दानं न मे फलार्थाय’. दान मला फळ मिळावं म्हणून नाही. पण पोथीत ‘मे’ची मात्रा ‘म’च्या आधी उभी आहे. लेखनिकाला दिसतं ते असं: न, मग उभी रेघ, मग म. तो बेधडक लिहितो, ‘दानं नाम फलार्थाय’. दान म्हणजे फळासाठी करायची गोष्ट!

एका रेघेने अर्थ पार उलटा झाला. आणि वृत्त? अनुष्टुभाच्या या चरणात पाचवं अक्षर लघु, सहावं आणि सातवं गुरू लागतं. ती तिन्ही ‘फलार्थाय’मध्ये आहेत, त्यांना धक्काच लागलेला नाही. तिसऱ्या-चौथ्या जागी लघु-गुरूचं गुरू-लघु झालं तरी चालतं. हेच ‘न मे’ पाचव्या-सहाव्या जागी असतं, तर म्हणताना लेखनिकाची जीभच अडखळली असती. तेव्हा तुमची चूक चरणात कुठे बसते ते मोजून घ्या.

तो सगळ्याच पडिमात्रा का चुकत नाही, असं चोखंदळ वाचक विचारेल. मधल्या काळातल्या कित्येक पोथ्यांत एकाच पानावर दोन्ही पद्धती मिसळलेल्या असतात. डोक्यावरच्या मात्रा दिसत राहिल्या की उभी रेघ कान्यातच जमा होते. कथेला याहून वेगळं कारण लागत नाही.

दिवा कुठे ठेवायचा

कागदावर वाकलेली समई वाचली की कथा तिथेच खोटी वाटू लागते. पोथीच्या शेवटी लेखनिक स्वतःच लिहून ठेवायचे, ‘तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेत्’, मला तेलापासून राख, पाण्यापासून राख. तो दिवा पोथीपासून हातभर दूर आणि डाव्या अंगाला ठेवेल, म्हणजे उजव्या हाताची सावली अक्षरावर पडणार नाही. बोरू काजळाच्या शाईत बुडवेल, दोरे ताणलेल्या पाटीवर कागद दाबून आधी ओळी उमटवून घेईल. चूक कळली तर हरताळाचा पिवळा लेप देऊन त्यावर पुन्हा लिहील. आपल्या गोष्टीत तो लेप लागत नाही, कारण त्याला चूक कळलेलीच नाही. एवढं एक वाक्य पुरे आहे. त्याला पश्चात्ताप करायला लावू नका, आणि समासात कबुलीजबाब तर मुळीच नको. शेवटी तो सगळे लिहीत तेच लिहील: ‘यादृशं पुस्तकं दृष्टं तादृशं लिखितं मया’. जसं पाहिलं तसं लिहिलं. तो खरंच बोलतोय.

पोथी बाळबोधीत ठेवा. मोडी हिशेबाला, पत्रांना.

पंडिताला उत्तर आयतं देऊ नका

दुसऱ्या भागात हमखास होणारी चूक म्हणजे माळ्यावर मूळ पोथी सापडते आणि कोडं सुटतं. ती मूळ पोथी नष्ट झालेलीच बरी. पंडितापुढे फक्त प्रती असू द्या: काहींत ‘न मे’, काहींत ‘नाम’. दोन्ही पाठ अर्थपूर्ण, त्यामुळे निष्काम दानाचा एक संप्रदाय आणि सकाम दानाचा दुसरा, असा वाद रंगतो. प्रती मोजून हा वाद मिटत नाही. एका चुकलेल्या प्रतीवरून दहा उतरवल्या गेल्या, तरी साक्षीदार एकच.

उकल त्याच लेखनिकाच्या दुसऱ्या एखाद्या चुकीतून येऊ द्या, जी तितकी नशीबवान नव्हती. ‘न मे’ असलेल्या प्रतींत पुढे कुठेतरी ‘सदेवः’, देवांसह, आहे. आपल्या लेखनिकाच्या प्रतीत तिथे ‘सादवः’ आहे, ज्याला अर्थ नाही. त्याच्यावरून उतरवणाऱ्या पुढच्याने शहाणपणा करून ‘साधवः’ केलं, साधू आले. पंडित या तिघांची अक्षरं एकाखाली एक मांडतो. स, रेघ, द, व. रेघ पडिमात्रा म्हणून वाचली तर ‘सदेवः’, काना म्हणून वाचली तर ‘सादवः’. म्हणजे या शाखेच्या मागे पडिमात्रेची पोथी होती, आणि मग ‘नाम’कडेही त्याच नजरेने पाहावं लागतं.

इथेही एक मर्यादा पाळा. उलटी चूकही घडू शकते: पडिमात्रेला सरावलेला माणूस खऱ्या ‘नाम’चं ‘न मे’ करू शकतो. म्हणून ‘सादवः’सारखा पुरावा एकाहून अधिक ठिकाणी सापडायला हवा, आणि तरीही पंडित शंभर टक्के खात्री देणार नाही. पुण्याच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत संशयित पाठाखाली नागमोडी रेघ छापत. तुमचा पंडित ‘न मे’ वर घेईल, त्याखाली तशी रेघ देईल आणि ‘नाम’ तळटीपेत उतरवेल.