मुकादम काकांचं काम वहीत उतरवताना

दाभोळच्या खाडीपट्ट्यात एका जेट्टीच्या कामावर मी प्लॅनिंग इंजिनीअर होते. नोकरीचं दुसरं वर्ष. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कळलं की पाइलिंगचे, म्हणजे जेट्टीच्या पायासाठी खडकापर्यंत काँक्रीटचे खांब उभारण्याच्या कामाचे, मुकादम काका पावसाळ्याआधीच काम सोडणार. गुडघे गेले होते आणि गावी आंब्याची कलमं वाट बघत होती. त्यांच्याकडून ‘हँडओव्हर’ घेण्याचं काम माझ्यावर आलं. हाताशी पंचवीस दिवस.

सगळे करतात तेच मीही आधी केलं. एक छापील फॉर्म दिला आणि म्हटलं, “काका, तुम्हाला जे माहीत आहे ते यात लिहून द्या.” चार दिवसांनी चार पानं आली. विंचची सर्व्हिस कधी, बेलरचे सुटे भाग कुठे मिळतात, कुठल्या पाइलचं रजिस्टर कुठल्या कपाटात. सगळं खरं, सगळं उपयोगाचं, पण यातलं निम्म्याहून जास्त आमच्या फायलींत आधीच होतं. काकांमुळे काम ज्या कारणाने नीट चालायचं, ते त्या पानांत कुठेच नव्हतं.

पुस्तकात याला व्यक्त आणि अव्यक्त ज्ञान म्हणतात. व्यक्त म्हणजे ड्रॉइंग, काम कसं करायचं ते सांगणारं मेथड स्टेटमेंट, रजिस्टर. अव्यक्त म्हणजे डोळ्याला, कानाला, हाताला कळतं पण विचारलं तर सांगता येत नाही ते. नवख्याची पहिली चूक इथेच होते. “तुम्हाला काय माहीत आहे?” या प्रश्नाचं उत्तर फक्त व्यक्त भागातून मिळतं, कारण उरलेलं आपल्याला माहीत आहे हे त्या माणसाच्याही ध्यानात नसतं.

मग मी प्रश्न बदलला. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांशी बोलून एक पद्धत बसवली होती. ज्ञानाबद्दल विचारायचं नाही, एका अवघड प्रसंगाबद्दल विचारायचं. प्रसंग आधी न अडवता ऐकून घ्यायचा, मग घड्याळाप्रमाणे परत मांडायचा आणि जिथे निर्णय झाला तिथे थांबून खोदायचं: तेव्हा काय दिसलं, काय ऐकू आलं, दुसरं काय करता आलं असतं, नवखा माणूस असता तर कुठे चुकला असता?

माझ्या मनात प्रसंग होता सतरा नंबरच्या पाइलचा. फेब्रुवारीत काँक्रीटच्या गाड्या निघायच्या बेतात असताना काकांनी काम थांबवलं होतं. का, ते तेव्हा कोणी विचारलंच नव्हतं. पहिल्या फेरीत ते एवढंच म्हणाले, “बाय, पाणी बरोबर नव्हतं.” दुसऱ्या फेरीत मी वेळा लावल्या. सात वाजता बोअर साफ झालं, साडेसातला चहा, आठला काकांचा नकार. म्हणजे जे काही घडलं ते चहाच्या वेळात. “चहा पिताना कुठे उभे होता?” लायनरच्या तोंडाशी. “काय बघत होता?” थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, “आत बॅटरी मारली. पाणी वर येत होतं.”

हे समजायला पाइल कसा होतो ते थोडं सांगते. खाडीच्या तळातला गाळ आत येऊ नये म्हणून लोखंडी नळी, म्हणजे लायनर, खाली खडकापर्यंत उतरवतात, आतला भाग दोराला टांगलेल्या जड चिझलने फोडतात, चुरा बेलरने वर काढून साफ करतात आणि ट्रेमी पाइपमधून तळापासून काँक्रीट भरत वर येतात. लायनरचा बूड खडकात घट्ट बसला असेल तर बाहेर भरती असो वा सुकती, आतलं पाणी जागचं हलत नाही. आतलं पाणी बाहेरच्या पाण्याबरोबर चढत असेल तर बुडाशी फट आहे. त्या फटीतून साफ केलेल्या तळावर पुन्हा गाळ येतो आणि नंतर सुकतीत ओल्या काँक्रीटमधलं सिमेंट धुऊन जाऊ शकतं. काकांनी त्या दिवशी लायनर आणखी थोडा ठोकून बसवला, तळ परत साफ केला आणि पुढच्या दिवशी काँक्रीट केलं. आमच्या मेथड स्टेटमेंटमध्ये यातली एकही ओळ नव्हती. रजिस्टरमध्ये नोंद होती: ‘काम पुढे ढकलले.’

आता ती ओळ झाली. लायनरच्या आत पाण्याच्या रेषेवर खडूची खूण करायची, चढत्या भरतीत अर्धा तास थांबायचं, पाणी खुणेवरून हललं तर काँक्रीट नाही. मी लिहिलेलं काकांना वाचून दाखवलं. खरी परीक्षा मात्र वेगळी घेतली. माझा कागद एका नव्या सुपरवायझरला दिला आणि त्याने काकांना ते काम समजावून सांगायचं, असं ठरवलं. त्याने ‘चढत्या भरतीत’ हे शब्द गाळले. काकांनी लगेच पकडलं: भरती पुरी झाली की पाणी स्थिर होतं, तेव्हा फुटका लायनरही शहाण्यासारखा दिसतो. ते दोन शब्द मी कागदावर जाड केले. ऐकणाऱ्याने उलट सांगण्याची ही पायरी वगळू नका. लिहिलेल्यातली भोकं लिहिणाऱ्याला दिसत नाहीत.

सगळंच असं कागदावर उतरत नाही. चिझल खडकावर पडते की मोठ्या गोट्यावर, हे काका दोराकडे बघून आणि आवाज ऐकून सांगायचे. मी तीन वेळा लिहायचा प्रयत्न केला. “दोर एका बाजूला जातो” एवढंच हाती लागलं, आणि किती जातो हे शब्दांत येईना. तेव्हा लिहिणं थांबवून उलटी सोबत सुरू केली. सुपरवायझर आधी आपलं मत वहीत लिहायचा, मग काका त्यांचं सांगायचे, शेवटी बेलरमधून आलेल्या चुऱ्यावरून कोण बरोबर ते ठरायचं. आधी लिहायचं हे महत्त्वाचं, नाहीतर काकांचं मत ऐकून सगळ्यांचं मत तेच होतं. पंधरा वेळांपैकी अकरा वेळा दोघांचं जुळलं. चुकलेले चारही प्रसंग उतरत्या खडकावरचे होते. म्हणजे कुठे काम बाकी आहे तेही कळलं. त्या एका बाबतीत ‘हस्तांतर पूर्ण’ असं न लिहिता, उतरता खडक लागला तर काकांना बोलवायचं, असा पाच दिवसांच्या रोजंदारीचा करार आम्ही करून ठेवला. अर्धवट शिकलेलं पूर्ण म्हणून नोंदवलं जातं, हे मी नंतर इतर कामांवर फार वेळा पाहिलं आणि प्रत्येक वेळी वाईट वाटलं.

वेळेचा हिशेब सांगते, कारण तो कोणी सांगत नाही. एका प्रसंगाची मुलाखत दीड-दोन तास, आणि माणूस दमायच्या आत थांबावं लागतं. ती लिहून काढायला माझा जवळजवळ एक दिवस. पंचवीस दिवसांत मी सहाच प्रसंग नीट करू शकले. म्हणून प्रसंग निवडताना मी एकच बघितलं: हा माणूस नसताना चूक झाली तर ती काँक्रीटखाली गाडली जाईल का? गाडली जाणार असेल तर तो प्रसंग आधी. विंचची सर्व्हिस चुकली तर विंच बंद पडते आणि सगळ्यांना दिसतं, तिच्यासाठी काकांचा वेळ घालवला नाही. कंपनीच्या ऑडिटमध्ये आय.एस.ओ. ९००१ या गुणवत्तेच्या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीतलं ७.१.६ हे कलम, संस्थेच्या ज्ञानाचं, विचारतात. त्यासाठी ही सहा पानं पुरली, पण निवड त्यासाठी केली नव्हती.

त्या कागदावर तळाशी एक रिकामी चौकट ठेवली होती: ‘बदल, तारीख, कोणी, का’. ऑक्टोबरमध्ये काम परत सुरू झालं. पंधरा दिवसांनी मी साइटवर गेले तेव्हा चौकटीत सुपरवायझरच्या अक्षरात लिहिलेलं दिसलं: ‘भांगाच्या दिवसांत अर्धा तास पुरत नाही, पाणी कमी चढतं, फट बारीक असेल तर कळत नाही. एक तास थांबावे.’ खाली त्याची सही, आणि शेजारी पेन्सिलने: ‘काकांना फोनवर विचारले, हो म्हणाले.’