गणित बरोबर, पर्याय चुकला: टाइप वन आणि टाइप टूची अदलाबदल

परिकल्पना चाचणीच्या प्रश्नात आकडेमोड पूर्ण बरोबर येते, आणि तरीही चुकीच्या पर्यायावर खूण होते. बहुतेक वेळा कारण एकच असते: दोन चुकांच्या नावांची अदलाबदल. पुढचा प्रश्न बघा.

दुधाच्या पिशवीवर ५०० मिली लिहिलेले आहे. पिशव्या कमी भरल्या जातात, अशी तपासनिसाला शंका आहे. प्रमाण विचलन १० मिली आहे, हे माहीत आहे. त्याने २५ पिशव्या मोजल्या, सरासरी ४९७.२ मिली आली. सार्थकता पातळी ५ टक्के. खरी सरासरी ४९५ मिली असेल, तर या चाचणीत कोणती चूक होऊ शकते आणि तिची संभाव्यता किती?

(अ) टाइप वन, ०.०५
(ब) टाइप वन, ०.२०
(क) टाइप टू, ०.२०
(ड) टाइप टू, ०.९५

आधी गणित उरकू. शून्य परिकल्पना H₀: μ = ५००, पर्यायी परिकल्पना H₁: μ < ५००. सरासरीची प्रमाण त्रुटी १० भागिले √२५, म्हणजे २ मिली. एकपुच्छ चाचणीत ५ टक्क्यांसाठी z = १.६४५, म्हणून सीमारेषा ५०० − १.६४५ × २ = ४९६.७१ मिली. नमुन्याची सरासरी याच्या खाली आली तरच H₀ नाकारायची. इथे ती ४९७.२ आहे, म्हणून H₀ नाकारता येत नाही.

आता खरी सरासरी ४९५ धरू. नमुन्याची सरासरी ४९६.७१ किंवा त्याहून जास्त येण्याची संभाव्यता हवी. z = (४९६.७१ − ४९५) ÷ २ = ०.८५५, आणि त्याच्या उजवीकडचे क्षेत्रफळ सुमारे ०.१९६, म्हणजे ०.२०.

इथपर्यंत आलेला विद्यार्थी (ब) वर खूण करतो. बरोबर उत्तर (क) आहे. ०.२० त्याला नीट सापडले, फक्त त्यावर दुसऱ्याच चुकीचे नाव लागले. हे बहुधा घाईमुळे होत नाही. त्यामागे डोक्यात बसलेली एक ठरावीक मांडणी असते, म्हणून ती उलगडून पाहायला हवी.

तपासनिसाच्या मनात शंका आहे, आणि प्रश्नही त्या शंकेपासून सुरू होतो. त्यामुळे ‘पिशव्या कमी भरतात’ हीच तपासायची मूळ गोष्ट वाटते आणि ती नकळत H₀ च्या जागी जाऊन बसते. कागदावर H₀: μ = ५०० लिहिलेले असते, पण विचार उलट्या मांडणीने चालू असतो. मग ‘खरोखर कमी भरत होत्या, तरी तपासनिसाने तसे म्हटले नाही’ हे वाक्य ‘खरी गोष्ट नाकारली’ असे ऐकू येते. खरी गोष्ट नाकारणे म्हणजे टाइप वन, असे पाठ असतेच. पाठ केलेली ओळ बरोबर आहे, पण त्या ओळीतली ‘खरी गोष्ट’ म्हणजे फक्त शून्य परिकल्पना. शंका खरी असणे हा भाग तिच्यात येत नाही.

हे पकडण्याची खात्रीची खूण गणितातच आहे. सीमारेषा काढताना तुम्ही कोणती सरासरी वापरली? ५००. ज्या सरासरीवरून नकाराचा प्रदेश आखला, ती H₀ ची. तीच सरासरी धरून काढलेली चुकीची संभाव्यता α, म्हणजे टाइप वनची. सीमारेषा तशीच ठेवून दुसरी सरासरी, इथे ४९५, घातली आणि नकाराच्या प्रदेशाबाहेर पडण्याची संभाव्यता काढली, की मिळते β, म्हणजे टाइप टूची. तुमच्या शेवटच्या ओळीत ४९५ आहे. मग उत्तरावर टाइप वन लिहिण्याचा प्रश्नच येत नाही.

दुसरी खूण निर्णयात आहे. H₀ नाकारली असेल, तर झालीच तर टाइप वन चूक होईल. टाइप टू शक्यच नाही. H₀ नाकारली नसेल, तर फक्त टाइप टू शक्य आहे. इथे ४९७.२ ही ४९६.७१ च्या वर आहे, H₀ नाकारलेली नाही. म्हणजे z = ०.८५५ काढण्याआधीच (अ) आणि (ब) बाद होतात. प्रश्नात निर्णय दिलेला असेल किंवा काढता येत असेल, तर आधी तोच बघावा.

(ड) मधला ०.९५ कुठून आला, हेही कळायला हवे. कुणीतरी १ − ०.०५ केले आणि त्यालाच β म्हटले. पण α आणि β यांची बेरीज १ येण्याचे कारणच नाही. α काढताना खरी सरासरी ५०० धरलेली असते आणि β काढताना ४९५, म्हणजे दोन वेगळ्या परिस्थिती. १ मधून α वजा केल्यावर मिळते ती खरी H₀ न नाकारण्याची संभाव्यता, आणि १ मधून β वजा केल्यावर मिळते चाचणीची शक्ती, इथे सुमारे ०.८०.

अदलाबदल टाळायला अनेकजण सूत्र पाठ करतात: ‘खोटी ओरड म्हणजे टाइप वन, सुटलेला गुन्हेगार म्हणजे टाइप टू.’ दुधाच्या प्रश्नात ते चालते, कारण तिथे H₀ म्हणजे ‘सगळे ठीक आहे’. पण H₀ नेहमी तशी नसते. जेनेरिक औषध मूळ औषधाइतकेच रक्तात पोहोचते का, हे पाहणाऱ्या जैवसमतुल्यता चाचणीत शून्य परिकल्पना उलटी असते: दोन औषधे समतुल्य नाहीत. सरासरींच्या गुणोत्तराचा ९० टक्के विश्वास अंतराल ८० ते १२५ टक्क्यांच्या आत बसला, तरच ती नाकारली जाते. इथे असमतुल्य औषधाला मंजुरी देणे ही टाइप वन चूक, आणि तिचा धोका रुग्णाला. चांगले औषध अडवणे ही टाइप टू, आणि तिचा फटका उत्पादकाला. मालाची नमुना तपासणी करताना मात्र H₀ म्हणजे ‘माल चांगला आहे’, त्यामुळे तिथे α ला उत्पादकाची जोखीम म्हणतात आणि β ला ग्राहकाची. एकाच तऱ्हेचे नुकसान एका ठिकाणी टाइप वन, दुसऱ्या ठिकाणी टाइप टू. म्हणूनच ‘जास्त गंभीर ती टाइप वन’ हेही पाठांतर दगा देते. नाव नुकसानावरून ठरत नाही, H₀ मध्ये काय लिहिले आहे यावरून ठरते.

याच अदलाबदलीचा आणखी एक प्रश्न विचारतात: α ५ वरून १ टक्क्यावर आणली, तर काय होईल? नावे उलटी बसलेला विद्यार्थी म्हणतो की कमी भरणाऱ्या यंत्राला सोडून देण्याची शक्यता घटेल. आकडे बघा. z = २.३२६, सीमारेषा ५०० − ४.६५ = ४९५.३५. खरी सरासरी ४९५ असेल तर z = ०.१७५, आणि β सुमारे ०.४३. सुटून जाण्याची संभाव्यता ०.२० वरून दुपटीहून जास्त झाली. α तेवढीच ठेवून β घटवायची, तर पिशव्या वाढवाव्या लागतात. α ५ टक्के ठेवून २५ ऐवजी ३६ पिशव्या मोजल्या, तर प्रमाण त्रुटी १.६७ मिली, सीमारेषा ४९७.२६, आणि β सुमारे ०.०९ वर येते.